बाई पळाली

आमच्या गेटवर उसाचा ट्रॅक्टर रुळावर अडकला, त्या दिवशी मी एकाच वेळी दोन कामं केली. येणारी गाडी थांबवली आणि गेट सोडून पळून गेले. पहिलं काम माझ्या रिपोर्टात आहे. दुसरं गावातल्या पाच-सहा शहाण्यासुरत्या माणसांच्या जबाबात आहे. दोन्हींवर सह्या आहेत.

मी गेटवाली. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं आणि उचगावच्या पलीकडच्या या फाटकावर बसवलं. सुरुवातीला लोक माझ्याकडे बघून म्हणायचे, बाईमाणसाला हे जमतंय व्हय? मग लक्षात आलं की पुरुष गेटमनशी जसं भांडता येतं तसं माझ्याशीही भांडता येतं, तेव्हा त्यांची माझ्याबद्दलची शंका फिटली. गेट पडलं की जगातल्या प्रत्येकाला त्याच क्षणी दवाखान्यात जायचं असतं. मी उत्तर देत नाही. उत्तर दिलं की बोलणं वाढतं, आणि बोलणं वाढलं तरी गेट उघडत नाही.

उघडता येतच नाही, हे मात्र कुणाला पटत नाही. दोन्ही बाजूंचे बूम, म्हणजे ते लाल-पांढरे आडवे दांडे, खाली येऊन कुलूपबंद झाल्याशिवाय माझा सिग्नल हिरवा होत नाही. आणि सिग्नल हिरवा असेपर्यंत बूम वर जात नाहीत. यंत्रानं आमचे हात असे बांधून ठेवलेत, ते बरंच केलंय. नाहीतर इथल्या लोकांनी दमदाटी करून रोज गाडीच्या तोंडात गेट उघडून घेतलं असतं.

दिवस साखर कारखान्यांच्या हंगामाचे होते. या दिवसांत रस्ता ट्रॅक्टरचा असतो, बाकीचे आपले पाहुणे. पुढं ट्रॅक्टर, मागं उसानं ओसंडणाऱ्या दोन ट्रॉल्या, आणि ट्रॅक्टरवर लग्नाच्या वरातीला पुरून उरतील असे स्पीकर. ऊस कारखान्यात पोचला नाही तरी चालेल, गाणं पोचलं पाहिजे. ट्रॅक्टर गावात शिरायच्या आधी गाणं शिरतं आणि ट्रॅक्टर गेल्यावरही ते बराच वेळ मागं रेंगाळतं.

दुपारी स्टेशन मास्तरांचा फोन आला, पॅसेंजर मिरजेकडून येतेय, गेट घ्या. मी बूम पाडले, कुलूप लावलं, मास्तरांना गेट बंद झाल्याचा नंबर दिला आणि सिग्नल हिरवा केला. हिरवी झेंडी घेऊन बाहेर उभी राहिले. गाडी यायला थोडा अवकाश होता. तेवढ्यात उताराच्या बाजूनं गाणं आलं आणि गाण्याच्या मागोमाग ट्रॅक्टर आला. त्याचा वेग बघून मला वाटलं, थांबतोय. मग वाटलं, थांबत नाहीये. मग बूम मोडल्याचा आवाज आला.

ट्रॅक्टरचं नाक पलीकडच्या बूमला जाऊन टेकलं आणि इंजिन बंद पडलं. पहिली ट्रॉली बरोबर रुळांवर. दुसरी तिच्या मागं, मोडका बूम अंगावर घेऊन. गाणं चालूच.

त्या क्षणी मला काय दिसलं ते मी रिपोर्टात लिहिलेलं नाही, कारण तसा रकाना नाही. माझ्या दोन्ही पोरी दिसल्या, एवढंच सांगते. पण हात आपोआप चालले. सिग्नल लाल केला. मास्तरांना फोनवर सांगितलं, गेटात ट्रॅक्टर अडकलाय, गाडी थांबवा. ते म्हणाले, ती तर केव्हाच सुटलीय. म्हणजे गाडीनं माझा हिरवा सिग्नल आधीच ओलांडला असेल, तर आता लाल करून उपयोग शून्य. मी लाल झेंडी आणि फटाके घेतले. आमचे फटाके रुळावर बांधायचे असतात. इंजिनाचं चाक वरून गेलं की फुटतात, आणि ड्रायव्हरला कळतं की पुढं धोका आहे.

ट्रॅक्टरचा ड्रायव्हर चावी फिरवत होता. त्याला मी ओरडून सांगत होते, खाली उतर, गाडी येतेय. गाण्यात त्याला काही ऐकू जात नव्हतं. भोवती जमलेले लोक मलाच ओरडत होते, पलीकडचं गेट उचल, म्हणजे ढकलून काढतो. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, पहिल्यांदा गेट उचल. पण भरलेल्या उसाची ट्रॉली आणि बंद ट्रॅक्टर ढकलून कुठवर नेणार होते? आमच्या कामात पहिल्यांदा गाडी थांबवायची असते, मग बाकीचं जग. मी रुळांमधून गाडीच्या दिशेनं पळत सुटले.

पळता पळता पाठीमागून कुणाचा तरी आवाज आला, तो मला अजून तसाच्या तसा आठवतो.

“बाई पळाली बघा.”

नियमानं जेवढं लांब जायचं तेवढं जायला वेळ नव्हता. इंजिन वळणावर दिसलं, तशी मी हातातला फटाका रुळावर बांधला आणि झेंडी हलवत आणखी पुढं गेले. रेल्वेच्या ड्रायव्हरनं सिग्नल डोळ्यांदेखत लाल झालेला पाहिला होता. झेंडी पाहिल्यावर त्यानं उरलेला ब्रेकही लावला. इंजिन मला ओलांडून गेलं, फटाका फुटला, चाकांतून धूर निघाला आणि गाडी ट्रॉलीच्या अलीकडे थांबली. किती अलीकडे, तर मध्ये एक बैलगाडी आरामात वळली असती. मी रुळाशेजारच्या खडीवर बसले.

पुढं जे झालं ते फक्त आमच्या कोल्हापुरातच होतं. गाडीतले प्रवासी उतरले, मरणाच्या दारातून आलोय हे त्यांना कळलं, आणि त्यांनी ट्रॉलीतले ऊस उपसायला घेतले. मी झेंडी गुंडाळत गेटवर परत आले तेव्हा अर्धी पॅसेंजर रुळांवर उभी राहून ऊस सोलत होती. मी पलीकडचा बूम मोकळा करून दिला, दुसरा ट्रॅक्टर आला, साखळी लावली आणि सगळं ओढून बाजूला काढलं. मग कुठं कुणाच्या तरी लक्षात आलं आणि गाणं बंद झालं.

रिपोर्ट मी त्याच संध्याकाळी मास्तरांसमोर बसून लिहिला. ते म्हणाले, जे बघितलंस तेवढंच लिही, वाटलं ते लिहू नकोस. मी तसंच केलं. मराठीत लिहिला. हिंदीत मला नीट रागावता येत नाही.

ट्रॅक्टरचा मालक त्या दिवशी मोटारसायकलवरून ट्रॅक्टरच्या मागोमाग येत होता. चांगला जाणता, पिकल्या मिशांचा माणूस. रेल्वे पोलिसांनी ट्रॅक्टर अडकवून ठेवला तसा त्यानं गावात पाय टाकला आणि पाच-सहा जण साक्षीला उभे केले. त्यांचं सगळ्यांचं म्हणणं शब्दाला शब्द सारखं. गेट उघडं होतं, ट्रॅक्टर आत आल्यावर बाईनं वरून दांडा टाकला, आणि गाडी दिसताच बाई पळून गेली. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर गप्प होता. मालकाच्या हातात त्याचा हंगाम होता.

चौकशीला आलेले साहेब मला म्हणाले की यंत्रात सगळं नोंदलेलं असतं, त्यात गेट बंद असेल तर बंदच निघेल. मी म्हटलं, मग झालं की. ते म्हणाले, ते कागद दुसऱ्या खात्याकडून येतात, यायचे तेव्हा येतील. शिवाय तुम्ही कुठं पळालात, ते यंत्रात कुठं असतंय? तोवर मला गेटवरून काढून स्टेशनात बसवलं. बाकावर नुसतं बसायचं. येणारा-जाणारा विचारायचा, तीच का ही, पळालेली? नोकरी गेली असती तर क्वार्टर गेला असता, आणि पोरींना घेऊन मी माहेरी कुठल्या तोंडानं गेले असते ते मला कळत नव्हतं. मला रडू येत नव्हतं. नुसता राग येत होता, आणि रागात माणसाला जेवण जात नाही.

मला वाचवलं ते यंत्रानं नाही, साहेबांनीही नाही. मालकानंच वाचवलं.

झालं होतं असं की हंगामातला नवाकोरा ट्रॅक्टर, त्याला झुलीसारखे गोंडे, तर मालक मोटारसायकलवर मागं बसून त्याचं शूटिंग करत होता. पोराटोरांचं सोडा, आमच्याकडे पिकल्या मिशांनाही ट्रॅक्टरचं स्टेटस ठेवल्याशिवाय घास गोड लागत नाही. आणि बूम मोडूनही ट्रॅक्टरवर ओरखडा आला नाही, या अभिमानात त्यानं ते त्याच रात्री स्टेटसला ठेवलं. जबाबाची अक्कल दुसऱ्या दिवशी सुचली. तोवर सगळ्या गावानं ते बघितलं होतं, साक्षीदारांनी तर मोबाइलवर शाबासकीचे अंगठेसुद्धा पाठवले होते. रूळ दुरुस्त करणाऱ्या आमच्या गँगमध्ये काम करणारा एकजण त्याच गावचा. त्यानं ते आवडलं म्हणून उतरवून ठेवलं होतं, ते नेऊन साहेबांना दाखवलं.

साहेबांनी ते आम्हा दोघांना समोरासमोर बसवून लावलं. गाण्याच्या मागं मालकाचा स्वतःचा आवाज होता, “आरं ब्रेक लाव की, गेट पडलंय न्हवं!” मग बूम मोडतो. मग मी दिसते, लाल झेंडी घेऊन थेट गाडीच्या दिशेनं पळताना. आणि तोच आवाज म्हणतो, बाई पळाली बघा. साहेबांनी ते पुन्हा एकदा लावलं. मला वाटतं, त्यांना गरज नव्हती, नुसती हौस आली.

मी गेटवर परत रुजू झाले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मालक गुळाची ढेप घेऊन आला आणि केबिनच्या दारात उभा राहिला.

“ताई, एक उपकार करा,” तो म्हणाला. “ब्रेक खरंच लागला न्हाय वो. ड्रायव्हरनं मुद्दाम घातला असता तर गोष्ट येगळी. तेवढं रिपोर्टात घाला, म्हंजे मुद्दाम गेट तोडल्याचं कलम तरी लागायचं न्हाय.”

मी त्याला आत बोलावलं आणि माझ्या रिपोर्टाची कार्बन प्रत त्याच्या हातात दिली. त्यानं चष्मा लावला. बोट ठेवून तो सावकाश वाचत गेला आणि मध्येच थांबला. तिथं लिहिलं होतं की उतारावर टायर घासल्याच्या काळ्या खुणा आहेत, चालकाने ब्रेक लावण्याचा प्रयत्न केल्याचे दिसते, भाराने ट्रॉल्यांनी ट्रॅक्टर पुढे लोटला. खाली तारीख होती, त्याच संध्याकाळची.

“हे तुम्ही तवाच लिवलंतं?”

“व्हय.”

“मग आमी जबाब कशाला दिलो?”

सरकारी कागद म्हणजे आपल्याविरुद्धच, हे त्यानं न वाचता धरलं होतं. आता मुद्दाम तोडल्याचं कलम लागत नव्हतं, पण खोटा जबाब लिहून दिलेला होता, पाच-सहा जणांच्या सह्यांसकट, आणि तो मला काही पुसता येत नव्हता.

“एवढं हुतं तर तवाच सांगायचं न्हवं?” तो शेवटी म्हणाला. त्याच्या आवाजात माझ्याविषयी तक्रार होती.

“सांगत होते,” मी म्हटलं. “तुमचं गाणं चालू होतं.”

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. मी बूम पाडले, कुलूप लावलं, नंबर दिला. मालक गुळाची ढेप उचलून बाहेर गेला आणि बंद गेटापाशी, बाकीच्यांबरोबर, मुकाट्यानं उभा राहिला.