मी कुणाला हसलो

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मागल्या पडवीत बांगडे साफ करणं. बोलता बोलता तिनं साफ केलेला बांगडा घाणीच्या टोपलीत टाकला आणि आतडी पातेल्यात. मी पोट धरून हसलो. म्हटलं, "जन्म मासे कापण्यात गेला, अजून अक्कल नाय." तिनं बांगडा उचलून धुतला. दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. तास झाला. मुलीनं सांगितलं, बाबांकडे मी बघेन. मेव्हण्यानं काय काय कबूल केलं. कावळे माडावर बसून नुसते बघत होते. माझी दातखीळ बसल्यागत झालं. माझं ते हसणंच तिला अडवतंय, असं मनानं धरलं. हात जोडून आतल्या आत म्हटलं, यापुढे तुला हसणार नाय.

तेवढ्यात कावळा उतरला, घास घेतला, उडाला. आणि मी हसलो. चारचौघांत, मोठ्यानं. तोंड दाबलं तरी थांबेना.

मेव्हणा म्हणाला, "भावोजी, मेली तरी हसताय तिला?" तो न जेवताच गेला.

मुलगी कॉलेजात शिकवते. संध्याकाळी मी तिला विचारलं, मी तुझ्या आईला हसलो काय गं? ती म्हणाली, हसण्याबद्दल विद्वानांची बरीच मतं आहेत, त्यातली दोन सांगते. एक श्रेष्ठत्वाचं. दुसऱ्याची चूक, फजिती दिसते, आपण एकदम त्याच्या वर चढल्यासारखं वाटतं, म्हणून हसू येतं. मिरकरवाडा बंदरात मासळीच्या बर्फावरून पाहुणा घसरला की धक्क्यावरचे सगळे हसतात, तसं. माणूस स्वतःच्या जुन्या मूर्खपणालाही हसतो, कारण आता तो त्याच्या वर असतो. दुसरं मत सुटकेचं. धोक्यासाठी अंगात जोर साठतो, धोका टळतो, मग त्या जोराला काम उरत नाही. तो हसण्यातून बाहेर पडतो.

ते मला पटलं. एकदा भर समुद्रात आमच्या होडीचं इंजिन बंद पडलं आणि मोठी बोट सरळ आमच्यावर आली. हातभर अंतरावरून वळली. आम्ही सगळे खलाशी हसत सुटलो. तिथं कुणाची फजिती नव्हती. फक्त जीव वाचला होता.

"बाबा, कावळा उतरला तेव्हा तुमच्या खाली कोण होतं?" तिनं विचारलं.

कोणीच नव्हतं. पण बांगड्यांच्या वेळी बायको होती. आणि त्याआधी चाळीस वर्षं होती. मेव्हणा उगाच बोलला नव्हता. माझ्या त्या पहिल्या जातीच्या हसण्याबद्दलच तिनं त्याला सांगितलं असणार. मुलीला मी हे सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भटजी यायच्या आधी, मी चालत मेव्हण्याच्या घरी गेलो. सुतक म्हणून दाराबाहेरच उभा राहिलो. तो जाळं शिवत होता, मान वर केली नाही. मी म्हटलं, "काल तिला हसलो नाय. त्याच्या आधी हसायचो, ते खरं."

त्यानं हातातली सुई खाली ठेवली, मान वर केली.