सयाजीचं बोट सुटलं, त्याची गोष्ट

विश्रामबागेत माझं गेमचे कंट्रोलर दुरुस्त करायचं दुकान आहे. लोकांनी रागाने आपटलेली यंत्रं दिवसभर जोडायची आणि संध्याकाळी कंबर धरून घरी जायचं, एवढाच माझा पराक्रम. सयाजीशी मी जे वागलो तेही या कंटाळ्यापोटीच, दयेपोटी नव्हे.

सयाजी विट्याचा. वीस वर्षं कोइमतूरला गलाईत, म्हणजे सोनं वितळवायच्या धंद्यात होता. एकदा ओतताना वितळलेल्या सोन्याची मूस निसटली आणि डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट भाजलं. जखम भरली, पण बोट आखडलं, म्हणून काम सोडून तो विट्याला, बायको मायाकडे नि पोरींकडे परतला. खाली दाबायचं ते दाबायचं, उचलायला मात्र रुसायचं. हात चालता ठेवायला म्हणून तो मारामारीचे गेम खेळू लागला. कंट्रोलरची दांडी धरवेना, म्हणून माझ्याकडे बिनदांडीचा कंट्रोलर मागायला आला.

यात दांडीऐवजी नुसती बटणं असतात. डाव्या हाताच्या तीन बोटांखाली डावीकडे, खाली, उजवीकडे, उडी अंगठ्याखाली, उजव्या हाताला ठोसे आणि लाथा. मी नेहमीच्या मापानेच पत्र्याला बटणांची भोकं पाडली. त्याचा हात नीट बघितलाच नाही. 'डावीकडे' नेमकं त्या आखडलेल्या बोटाखाली आलं.

मग रोजचं रडगाणं सुरू झालं. सयाजी डावीकडे दाबून मार अडवायचा आणि पुढे जायला उजवीकडे दाबायचा. डावं बटण सुटलेलंच नसायचं. दोन्ही दिशा एकदम आल्या की कंट्रोलर दोन्ही रद्द करायचा. पडद्यावरचा गडी ना पुढे, ना मागे, नुसता उभा राहून मार खायचा. सयाजी बोटाकडे बघत बसायचा. ते बघून बघून मीच थकलो.

दिवाळीच्या आधी त्याला न सांगता मी सेटिंग बदललं: जी दिशा शेवटी दाबली, ती खरी. आता डावं दाबलेलं असतानाही उजवं दाबलं की गडी पुढे जायचा, आणि उजवं सोडलं की आपोआप परत मागे.

"सम्मेदा, बोट सुटलं गड्या," तो चौथ्या दिवशी म्हणाला. "आता लय हलकं वाटतंय."

मी हो म्हणालो. त्याच वेळी सांगायला हवं होतं.

संक्रांतीनंतर कॉलेजच्या हॉलमध्ये या गेमची स्पर्धा होती. सयाजी सकाळीच आला. त्याच्या खिशात पुढच्या आठवड्याचं कोइमतूरचं तिकीट होतं. ते मला तिथे कळलं.

पंच होत्या ज्ञानदा मॅडम, कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या. त्या प्रत्येकाचा कंट्रोलर तपासत होत्या. आमचा जोडताना मी ठरलेलं बटण दाबून धरलं, तसा तो पीसीला चालणाऱ्या मोडमध्ये सुरू झाला. मॅडमनी डावं दाबून ठेवलं आणि वरून उजवं दाबलं. पडद्यावर उजवा बाण उमटला.

"हे चालणार नाही," त्या म्हणाल्या. "समोरासमोरच्या दोन दिशा एकत्र आल्या तर इथे काहीच उमटता कामा नये. वर-खालीलाही तेच. शेवटची दिशा जिंकत असेल तर बोट न उचलताच दिशा बदलता येते."

सयाजीने 'बोट न उचलताच' हे नीट ऐकलं. मी खाली मान घालून सेटिंग पूर्ववत केलं.

पहिल्याच लढतीत त्याचा गडी मैदानाच्या मधोमध उभा राहिला. दोन्ही फेऱ्या गेल्या. सयाजी उठून माझ्याशेजारी येऊन बसला.

"कवापास्नं?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"म्हंजे बोट सुटलंच न्हवतं."

"नाही."

"मायाला मी पाडव्याला सांगितलं, बोट सुटलं म्हणून. तिनं देवाला पेढं ठेवलं. पोरींच्या शाळेचं बी कोइमतूरलाच बघितलं आमी." आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "चिमटा धरून मूस उचलाय निघालो हुतो मी. दुसरी बी सांडली असती."

मला माझी लाज वाटली.

दुपारी आम्ही दुकानात आलो. त्याचा हात कागदावर ठेवून मी पहिल्यांदाच नीट रेखाटला. डावीकडे मधल्या बोटाखाली, उजवीकडे अंगठ्याशेजारच्या बोटाखाली, खाली डाव्या अंगठ्याला, उडी उजव्या अंगठ्याला. समोरासमोरच्या दिशा धड बोटांकडे गेल्या. आखडलेल्या बोटापाशी पेन्सिल थांबली.

"इथं ठोशाचं एखादं बटण देऊ?"

"काय बी नगं. हाय तसं ऱ्हाऊ दे ते." त्याने तिकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "आता चल विट्याला. मायाला तूच सांगायचं."

मी पेन्सिल ठेवली आणि चपला घातल्या.