चालू ठेवलेली गाडी

नागोराव वाशिमहून पुण्यात आले ते चाकणच्या कारखान्यात कामाला. तिथं अपघातात उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. पाय वाचला, पण वाकेनासा झाला. पुढं ते कात्रजला राहून मोटरसायकलवर एका कुरिअर कंपनीची पार्सलं पोचवू लागले. ब्रेक दाबता यायचा, किक मात्र मारता येत नव्हती. सगळी भिस्त सेल्फ-स्टार्टच्या बटणावर.

एके सकाळी बटण दाबलं, तर गाडी ढिम्म. शेजाऱ्यानं किक मारली, लगेच सुरू झाली. ती तशीच चालवत ते चेतनच्या गॅरेजवर गेले.

"हँडलवरचा इंजिन बंद करायचा लाल स्विच बघू का?" नागोरावांनी विचारलं.

"तो बंद असता तर किकनंही सुरू झाली नसती," चेतन म्हणाला. त्यानं बॅटरीच्या टर्मिनलवरची हिरवट पूड घासून काढली, नट आवळले. बटण दाबलं. सीटखाली टक् असा आवाज आला, पण इंजिन फिरवणारी मोटर फिरली नाही. मग गाडी न्यूट्रलला असल्याची खात्री करून त्यानं बॅटरीचा करंट मोटरला पोचवणाऱ्या रिलेचे दोन्ही जाड बोल्ट पेचकसानं जोडले. ठिणगी उडाली आणि मोटर जोरात फिरली.

"बॅटरी, मोटर ठीक आहेत. रिलेचे आतले पॉइंट जळालेत. नवा रिले सोमवारी येईल. तोवर किकवर चालवा," म्हणत चेतननं किक मारून गाडी चालू करून दिली.

नागोरावांनी मान डोलावली. पँटखालचा गुडघा दिसत नव्हता, आणि तो दाखवायचं त्यांच्या जिवावर आलं.

दोन-तीन ठिकाणी त्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्यांना किक मारायला सांगितलं. सदाशिव पेठेत एक गृहस्थ किक मारून म्हणाले, "अहो, कंपनी यासाठी वेगळा माणूस देत नाही का?"

त्यानंतर त्यांनी कुणालाच विचारलं नाही. इंजिन चालू ठेवून ते जिने चढू लागले. एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सही घेताना खालून गाडीचा आवाज वाढला आणि लांब गेला. त्यांना लगेच कळलं. पण त्या पायानं जिना एकेक पायरीच उतरता येत होता. खाली आले तेव्हा गल्ली मोकळी होती. गाडीसोबत पार्सलांची पिशवीही गेली होती.

"चावी लावून, चालू गाडी सोडून गेलात?" चौकीतल्या हवालदारानं विचारलं. नागोरावांनी हो म्हटलं. कंपनीनं त्याच संध्याकाळी त्यांचं काम बंद केलं.

घरी त्यांच्या बायकोनं, सत्यशीलाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं.

"चेतनला पायाचं सांगायचं ना. त्यानं दुसरीकडून रिले आणला असता."

"सांगणार होतो."

"मग?"

 नागोरावांना पाय खाटेवर उचलून ठेवायला हात लावावा लागला. बाईंनी तेल गरम करून आणलं आणि गुडघ्याला चोळायला बसल्या. उद्यापासून कुठं जायचं, हा विषय दोघांनीही त्या रात्री काढला नाही.