सहाव्या भागाचं दार

जयवंता रामटेकेचा आवाज आधी येतो, मग ती येते. नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका स्टुडिओत तिने वर्षानुवर्षं लग्नाचे व्हिडिओ जोडले, आणि एक दिवस ती नोकरी सोडून माझ्या 'दुसरी पाळी' या वेब सिरीजची संकलक झाली. घरच्यांनी तिला वेड्यात काढलं. त्यात पाच भागांनंतर चॅनलवाल्याने सांगून टाकलं: नवे प्रेक्षक मधलाच भाग उघडतात आणि मिनिटभरात पळतात. सहाव्यातही पळाले, तर सिरीज बंद. म्हणजे जयवंता परत हळदीच्या व्हिडिओंवर.

गोष्ट सत्तरच्या दशकातल्या नागपूरच्या गिरणीतली. गोपिकाचा नवरा कामावर जातो तो परततच नाही. सहाव्या भागाच्या तोंडाशी मी 'आतापर्यंत' म्हणून मागचं सगळं लावलं होतं. आपलं लिहिलेलं कोणाला नकोसं होतं?

जयवंताने तो भाग नणंदेला दाखवला. तुळसाबाई कुही गावाहून आलेली, सिरीजचं नावही न ऐकलेली. 'आतापर्यंत' संपायच्या आतच ती शेंगा सोलायला उठली. जाताजाता म्हणाली, "त्या चौकीदारानंच केलं असन. नवऱ्याचा बिल्ला खिशात टाकताना दाखवला नं!"

भागाच्या शेवटी उघड होणार होतं ते नेमकं हेच.

"पाहुणा दारात आला का आधी पाणी देतेत गा भाऊ," जयवंता कडाडली, "वंशावळ नाही सांगत!"

तिने मी मध्ये दडवलेला प्रसंग उचलून सगळ्यात पुढे आणला. गिरणीच्या फाटकावर चौकीदार गोपिकाला अडवतो. ती ओरडते, "माया नवरा आत गेला तो बाहेर आलाच नाही. मले आत जाऊ द्या!" फाटक बंद होतं आणि सिरीजचं नाव येतं. 'आतापर्यंत' त्यानंतर, अगदी थोडकं, या भागाला लागेल तेवढंच. माझे लाडके दोन प्रसंग गेले. मी भांडलो, हरलो. बिल्ल्याचा शॉटही तिने काढला. त्याऐवजी चौकीदार गोपिकाला पाणी पाजतो तो घेतला. माणूस लक्षात राहतो, संशय येत नाही.

तुळसाबाईला पुन्हा बसवलं. आधीचं ती विसरली नव्हती, म्हणून शेजारच्या यमुताईलाही बोलावलं. यमुताईने एकदाही 'हा कोण' विचारलं नाही. शेवटी मात्र टीव्हीवर धावून गेली, "मेल्या, तिले पाणी पाजत होता नं तू!" मी आनंदाने टेबल बडवला.

भाग आला आणि लोक टिकले. एवढंच नाही, सहाव्यातून आत शिरलेले मागे जाऊन पहिला भाग शोधू लागले. चॅनलवाल्याने पुढचे भाग मागितले. जयवंताने तोऱ्यात कुहीला फोन लावला. तिकडे तुळसाबाईच्या ओसरीत बायका जमून पहिला भाग पाहत होत्या.

"नंतर बोल वं," तुळसाबाईचा आवाज भरून आला होता, "आता तिचा नवरा डबा घेऊन कामावर जाऊन राहिला."