उपवासाच्या दिवशीची गोळी

आमच्या ह्यांच्या रक्तातला फॉस्फरस उतरत नव्हता आणि मी इरेला पेटले होते. दुबईच्या करामा भागातल्या आमच्या दोन खोल्यांत तेव्हा दुसरा विषयच नव्हता. किडन्या निकामी झाल्यावर हे रुवैसच्या रिफायनरीतली नोकरी सोडून दुबईत टेबलाच्या कामावर आले, आणि रविवार, मंगळवार, गुरुवार डायलिसिस सुरू झालं. त्या मशीनने पाणी निघायचं, बाकीची घाण निघायची, पण फॉस्फरस मात्र पुरता निघत नसे. अन्नातून रोज जेवढा आत जाई, तेवढा उपसणं मशीनच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी कॅल्शियमच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या. जेवणासोबत दोन, चहा-नाश्त्यासोबत एक.

त्या गोळ्या मी एखाद्या जेलरसारखी मोजून देत असे. पहिल्या घासाला एक, निम्म्या जेवणात दुसरी. यांनी हात पुढे करायचा, मी ठेवायची. चीज बंद, कोला बंद, दूध चहापुरतं, डाळ मोजून. तरीही महिन्याच्या रिपोर्टात आकडा सात पूर्णांक आठ. साडेपाचच्या खाली हवा होता. यांना रात्रंदिवस खाज सुटायची, पाठ खाजवायला दाराची चौकट लागायची, हाडं दुखायची. आमचे डॉक्टर इजिप्शियन, बोलायला गोड. पण त्या दिवशी त्यांनीही सरळ सांगून टाकलं, "मॅडम, फॉस्फरस असाच वर राहिला तर मानेतल्या ग्रंथी शांत होणार नाहीत, हाडं पोखरत राहतील. पुढच्या रिपोर्टातही उतरला नाही, तर त्या ग्रंथी काढायला सर्जनकडे पाठवावं लागेल."

माझं डोकं फिरलं. एवढी राबते आणि मान कापायची वेळ येते? मी तिथेच त्यांच्याशी भांडले. ते शांतपणे म्हणाले, "डायटिशियनला भेटा. आठवडाभराची डायरी लिहून आणा."

डायरी मी अशी लिहिली की कुणीही बघत राहावं. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. तिने पट्टीने रेघा आखून दिल्या. काय खाल्लं, किती खाल्लं, किती गोळ्या. सोमवार, गुरुवार आणि शनिवारच्या ओळीत मी फक्त 'उपवास' लिहिलं आणि गोळ्यांच्या रकान्यात शून्य घातलं. तिला ते शून्य आवडलं नाही. "बट आई, बाबा डिड ईट," ती म्हणाली. मी तिला होमवर्क करायला पिटाळलं.

हे तीन उपवास माझ्यामुळे होते. यांचा देवाशी फारसा संबंध नव्हता. आजार कळला त्या आठवड्यात मीच देवापुढे बसून कबूल केलं, की हे बरे होईपर्यंत तीन देवांचे तीन वार पाळतील. यांनी हसून मान डोलावली, मला बरं वाटावं म्हणून. आणि उपवासाच्या दिवशी गोळी द्यायची का, हे मी अगदी सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. ते म्हणाले होते, "फास्टिंग? मग नाही. खाणं नाही तर गोळी नाही." डॉक्टरांनीच सांगितलंय म्हटल्यावर माझा प्रश्न मिटला होता.

डायटिशियन मलबारी होती, वयाने माझ्याहून लहान, डायरी वाचायला लागली की पेन दातांत धरायची. मंगळवारी हे आत मशीनला जोडलेले होते आणि मी तिच्या टेबलासमोर. तिने पानं उलटली आणि तिच्या कपाळावर आठी आली.

"हफ्ते में तीन दिन कुछ नहीं खाते? फिर इतना फॉस्फरस कहाँ से?"

"कुछ नहीं कैसे," मी म्हटलं, "फास्ट का खाते हैं ना. साबुदाने की खिचड़ी, मूंगफली डालके. शाम को मूंगफली का लड्डू. रात को भगर और दही."

तिने पेन खाली ठेवलं. "दीदी, ये फास्ट है?"

मग मला एकदम सगळं दिसलं. डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे रमजानचा रोजा होता. सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. माझ्या डोळ्यांपुढे परातभर खिचडी. आम्ही दोघंही खरंच बोललो होतो आणि तरीही आठवड्यातले तीन दिवस हे दाणे, दही खात होते, आणि त्यावर एकही गोळी नव्हती. बटाटा मी पोटॅशियमच्या भीतीने कधीच काढून टाकला होता. दाण्यांवर मात्र संशय घ्यावा, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मला खुर्चीत बसवेना. यांच्या हाडांतलं दुखणं मीच तीन-तीन वार वाढत होते, आणि तेही देवाच्या नावाने. मला रडू आलं, पण त्याहून जास्त आनंद झाला, कारण चोर सापडला होता.

"मग आज रात्री राहिलेल्या सगळ्या गोळ्या एकदम देते," मी हिंदीत म्हटलं आणि उठलेच.

तिने माझा हात धरला. "नहीं दीदी. खाली पेट नहीं." गोळी पोटात विरघळते आणि अन्नातून सुटलेल्या फॉस्फेटला, म्हणजे त्या फॉस्फरसलाच, आतड्यात धरून ठेवते, असं तिने समजावलं. त्या दोघांचं जे तयार होतं ते विरघळत नाही, म्हणून रक्तात शिरत नाही, शौचावाटे निघून जातं. अन्नच नसेल तर गोळी धरणार कुणाला? उलट तिच्यातलं कॅल्शियम जास्त रक्तात जाईल, आणि तेही वाढलेलं चांगलं नाही. गेलेल्या दिवसाची गोळी आज देऊन उपयोग नाही, कारण ते फॉस्फेट कधीच आत जाऊन बसलंय.

मी जवळजवळ पळतच यांच्या खुर्चीपाशी गेले. यांच्या हातात दोन जाड सुया, बाजूला मशीन घरघरतंय, आणि मी सगळं एका दमात सांगितलं. हे ताडकन सरळ बसले, तशी नर्स ओरडली, "हात हिलाओ मत!"

"अगं, हे तर माझंच काम," हे म्हणाले. यांची उभी हयात रिफायनरीतल्या बॉयलरचं पाणी सांभाळण्यात गेली होती. "आम्ही बॉयलरच्या पाण्यात फॉस्फेट सोडायचो. ते कॅल्शियमला धरून गाळ करायचं, आणि तो गाळ आम्ही खालून काढून टाकायचो. इथे उलटं आहे. कॅल्शियम सोडायचं, फॉस्फेट धरायचं. आणि पाणी आत येत असतानाच सोडायला हवं. नंतर ओतून काय उपयोग?" किती तरी महिन्यांनी यांचा आवाज असा चढलेला ऐकला. शेजारच्या खुर्चीतले पठाण चाचा काही न कळताही हसायला लागले.

त्या गुरुवारपासून खिचडीच्या ताटलीशेजारी गोळ्या आल्या. दाण्याचे लाडू बंद झाले, खिचडीत कूट चिमूटभर. महिना मी दिवस मोजत काढला. रिपोर्ट आला, पाच पूर्णांक दोन. डॉक्टर म्हणाले, "सर्जन खलास, निदान आत्तापुरता." उपवासाची गंमत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला आणि आपल्या फाइलीत काहीतरी अरबीत लिहून ठेवलं.

गाडीत बसल्याबसल्या मी जाहीर करून टाकलं, "आता उपवास बंद. देवाचं मी बघून घेईन."

हे गाडी चालवत होते. मनखूलच्या सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "नको बंद करूस."

"अहो, तुमचा कुठे विश्वास आहे?"

"विश्वास नाही गं. इतर दिवशी तू गोळ्या मोजत पेशंटला वाढतेस. उपवासाला नवऱ्याला वाढायचीस."

सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. "चला," मी म्हटलं, "साबुदाणा भिजवायचाय."