बाबांचा आवाज नंतर घालू

दिल्लीत सरोजिनी नगरचं आमचं सरकारी क्वार्टर पाडायला घेणार होते, तेव्हा ऑफिसात फायली हलवणाऱ्या मला सिनेमा काढायची हुक्की आली. इटलीत युद्धानंतर स्टुडिओ मोडकळीला आले, तेव्हा तिथल्या लोकांनी रस्त्यावर, खऱ्या घरांत, खऱ्या मजुरांना घेऊन चित्रपट केले, हे मी वाचलं होतं. माझ्याकडेही स्टुडिओ नव्हता. म्हणजे अर्धी तयारी झालीच होती!

गोष्ट साधीच ठेवली: एक निवृत्त माणूस क्वार्टर सोडतो. नट म्हणून बाबा. चाळीस वर्षं ते त्याच दाराला कुलूप लावून तीनदा ओढून बघत आले होते. एवढं नटाला शिकवायला जन्म गेला असता. उजेड खिडकीतून येईल तेवढाच. कॅमेरा मोबाइलचा, तोही रस्त्यापलीकडे, म्हणजे बाबा त्याला विसरतील.

"बोलू काय?" बाबांनी विचारलं.

"काहीही बोला. इटलीत आवाज नंतर स्टुडिओत भरायचे. आपणही नंतर भरू."

"अच्छा, म्हणजे तोंड आत्ता आणि जीभ नंतर," बाबा म्हणाले. बायको हसली. "अहो, एक माइक तरी मागून आणा कुणाकडून." मी तिला इटलीवाल्यांचा नववास्तववाद समजावला.

शेवटच्या दिवशी बाबांनी कुलूप लावलं, तीनदा ओढलं. मग दारावर तळवा टेकून बराच वेळ काहीतरी बोलले. मध्येच कॅमेऱ्यासमोरून सायकलवाला गेला, म्हणून मी ओरडलो, "बाबा, पुन्हा एकदा!"

"घर एकदाच सोडतात रे," ते म्हणाले आणि किल्ली जमा करायला चालू लागले.

मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आल्यावर दोन महिन्यांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. समजतं सगळं.

त्या शॉटमध्ये आवाज आहे तो शेजारच्या बाजाराचा: "ले लो, ले लो", रिक्षांचे हॉर्न. बाबांचे ओठ हलतात. काय म्हणाले, कुणालाच ठाऊक नाही. अंदाजाने चार शब्द मेहुण्यांच्या आवाजात भरून पाहिले. माझी मुलगी मला म्हणाली, "बाबा, ये आजोबा नहीं हैं यार." खरंच होतं. इटलीत दुसऱ्याचा आवाज चालून जायचा, पण पडद्यावरचा माणूस त्यांचा बाप नव्हता.

परवा बाबांना तो शॉट दाखवला. त्यांनी डावा तळवा स्क्रीनवर टेकला. ओठ हलले, पडद्यावरच्यांच्या बरोबरीने. मी कान अगदी तोंडाजवळ नेला. नुसता श्वास आला.

"पुन्हा एकदा, बाबा?" सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तळवा काढून घेतला.