ठोकलेला पेला

कंपाउंडरला गल्लीत सगळे पाठीमागे ‘मिलिग्राम’ म्हणत. त्याला ते ठाऊक होतं, आणि मनातून त्याला त्याचं बरंही वाटायचं. उभा जन्म दवाखान्याच्या खिडकीआड भुकट्या तोलण्यात आणि पुड्या बांधण्यात गेलेला माणूस. डॉक्टर बदलले, खिडकीची जाळी बदलली, हा मात्र तिथंच, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि चष्म्यावरून जगाकडे बघणारे तुच्छ डोळे. निवृत्त झाल्यावर तोलायला औषधं उरली नाहीत, तेव्हा त्याने माणसं तोलायला घेतली. एकही वजनात पूर्ण भरला नाही.

सगळ्यात कमी भरायची त्याची थोरली बहीण. ती मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये वर्षानुवर्षं पाव भाजत आली होती. आता डोळ्यांनी दगा दिला होता. समोरच्या माणसाचा आकार दिसे, तोंड दिसत नसे. तिच्या जागी तिच्या मुलीला घ्यायला मेस तयार होती, पण नव्या सुपरवायझरबाईंची एक अट होती. पाककृती ग्रॅममध्ये आणि मिलिलिटरमध्ये लिहून आणायची, आणि सोमवारी सकाळी त्या कागदाबरहुकूम त्यांच्यासमोर पाव भाजून दाखवायचा. जमलं तर नोकरी, नाही तर राम राम.

बहिणीकडे कागद होता, म्हणजे एक वही होती. तेलाने पारदर्शक झालेली पानं आणि त्यावर पेन्सिलीचं अक्षर. कंपाउंडरने ती दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर धरावा तशी.

“‘मैदा आठ पेले चाळून, पाणी अडीच पेले, लिंबाएवढं लोणी, मीठ तीन चमचे, खमीर नेहमीचं,’” त्याने वाचून दाखवलं. “नेहमीचं म्हणजे किती, ताई?”

“नेहमी घालते तेवढं.”

“आणि लिंबू कुठलं? लिंबं काय सरकारी छापखान्यातून येतात? या वहीवर कुणी औषध बनवलं असतं तर तुला तुरुंगात टाकलं असतं.”

“पण खाऊन कुणी मेलं नाही ना,” बहीण म्हणाली. “तुझ्या औषधांचं तेवढं छातीवर हात ठेवून सांग.”

भाची मध्ये पडली. मोठी गुणी पोर. मामाला उलट बोलायचं नाही, आईलाही दुखवायचं नाही, अशा दोन दगडांवर पाय ठेवून ती लहानाची मोठी झाली होती. “मामा, तुम्हीच उतरवून द्या ना,” ती म्हणाली. “तुमच्या हातचं असलं की मला धीर येईल.”

एवढं पुरे झालं. कंपाउंडर कामाला लागला, आणि कामाला लागला की तो बघण्यासारखा असे, हे त्याच्या शत्रूंनीही कबूल करावं. भाचीने आणलेला स्वयंपाकघराचा इलेक्ट्रॉनिक काटा त्याने आधी संशयिताला उभं करावं तसा समोर घेतला. मखमलीच्या डबीतली स्वतःची पितळी वजनं एकेक करून त्यावर ठेवली आणि काटा खरं बोलतो याची खात्री करून घेतली. मग बहिणीचा पेला मागवला. एनॅमलचा, कान तुटलेला, काठावर टवका उडालेला. रिकामा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि पेला काठोकाठ पाण्याने भरला. दोनशे चाळीस ग्रॅम. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, तेव्हा पेला दोनशे चाळीस मिलिलिटरचा, आणि अडीच पेले पाणी सहाशे.

“बघ,” तो भाचीला म्हणाला. “याला माप म्हणतात. तुझी आई ज्याला माप म्हणते त्याला अफवा म्हणतात.”

लिंबाचा निकाल त्याने असा लावला. बाजारातून मध्यम आकाराचं लिंबू आणलं, आकडे कोरलेल्या काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात बुडवलं आणि पाणी किती चढलं ते पाहिलं. चाळीस मिलिलिटर. लोणी पाण्याहून थोडं हलकं, म्हणून छत्तीस ग्रॅम. बहीण खाटेवर बसून हे ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, “लिंबू बुडालं का तरी?” लिंबू तरंगत होतं आणि कंपाउंडरने ते सुईने खाली दाबून धरलं होतं.

मिठाचे तीन सपाट चमचे भरून त्याने अठरा ग्रॅम लिहिले. खमिरासाठी बहिणीला डब्यातून ‘नेहमीचं’ काढायला लावलं आणि ते तोललं. मग मैदा आला. त्याने तो चाळला, कारण वहीत चाळून लिहिलं होतं आणि नियम म्हणजे नियम. चाळलेल्या पिठाने पेला भरला, टेबलावर चारदा ठोकला, पीठ खाली बसलं तशी वर भर घातली, पुन्हा ठोकला आणि सुरीच्या पाठीने काठ सपाट केला. दवाखान्यात प्रत्येक भुकटी त्याने अशीच भरली होती. बाटली ठोकल्याशिवाय आत पोकळी राहते आणि रोग्याला कमी औषध जातं, हे त्याच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी कानशिलात देऊन शिकवलं होतं. त्याचा हात आता विचारून ठोकत नसे. पेला एकशे अठ्ठावन्न ग्रॅम भरला. आठ पेल्यांचे बाराशे चौसष्ट. स्वच्छ कागदावर, रेघा आखून, लाल शाईने अधोरेखित करून त्याने सगळं उतरवलं आणि खाली सही ठोकली. पाकिटात घालून दिलं असतं तर कुणी गोळ्या आणायला गेलं असतं.

शुक्रवारी भाचीने पहिला पाव भाजला. कणीक मळताना तिची मनगटं दुखली. “मामा, पीठ फार घट्ट वाटतंय. थोडं पाणी घालू का?”

“कागदावर घालायला सांगितलंय?”

“नाही.”

“मग विचारतेस कशाला? असं वाटण्यावर जग चालत असतं तर काटे कशाला बनवले असते?”

पाव फुगला नाही. वर भेगा पडल्या आणि कापताना सुरी अडकली. कंपाउंडरने भट्टीला दोष दिला. शनिवारी भट्टीत थर्मामीटर ठेवून दुसरा भाजला, तो पहिल्याचा सख्खा भाऊ निघाला. आता भट्टी सुटली होती, खमीर नवं होतं, काटा खरा होता आणि कागद तर काय, कागद मामाचा होता. उरली भाची. कंपाउंडरने तिच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाला, “काहींच्या हाताला गुण नसतो. त्याला इलाज नाही. औषधातही तसंच आहे.”

तो हे सहज बोलला. आयुष्यभर शेकडो लोकांना त्याने असं काहीबाही ऐकवलं होतं आणि ते सगळे आपापल्या घरी जाऊन विसरले होते. भाची विसरली नाही. रविवारी दुपारी तो आला तेव्हा ती मोरीपाशी भांडी विसळत होती आणि तिचे डोळे लाल होते. “मी सुपरवायझरबाईंना कळवते,” ती वर न बघता म्हणाली. “उद्या नाही येत म्हणून. त्यांनी दुसरी बघावी. आईचा हात माझ्यात आलाच नाही, त्याला कोण काय करणार.”

खाटेवरून बहीण म्हणाली, “तिचा हात चांगला आहे.”

“तुझं अंधाराचं शास्त्र राहू दे,” कंपाउंडर चवताळून म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की त्याला राग यायचा. “सगळा घोळ तुझ्या पेल्याचा आहे. तुझा प्रत्येक पेला वेगळा भरत असणार आणि म्हणूनच त्या वहीला बूड नाही. थांब, हातच्या कांकणाला आरसा कशाला.”

त्याने परात बहिणीच्या मांडीवर ठेवली, पेला तिच्या हातात दिला आणि काटा शेजारी मांडला. “भर. नेहमी भरतेस तसा.”

तिने चाचपून चाळलेलं पीठ हातावर घेतलं, पेल्यात भुरभुरत सोडलं आणि बोटाने काठावरचं निपटलं. एकशे अठरा. परत भरायला लावला, एकशे सव्वीस. मग एकशे एकवीस, मग एकशे तेवीस. कंपाउंडर आपल्या लाल रेघांच्या कागदाच्या तळाशी एकाखाली एक आकडे मांडत होता आणि त्याचा चेहरा खुलत चालला होता.

“बघ! एकाचा एकाशी मेळ नाही,” तो म्हणाला. “आठ ग्रॅमची चूक चार पेल्यांत. मी हे दवाखान्यात केलं असतं तर—”

तो थांबला. पेन्सिल आकड्यांच्या खाली थांबली होती आणि वर त्याचाच जुना आकडा लाल रेघेवर दिमाखात उभा होता. एकशे अठ्ठावन्न. बहिणीचे चार पेले आपसात भांडत होते खरे, पण त्यातला एकही त्याच्या आकड्याच्या आसपास फिरकला नव्हता. त्याने पेला घेतला, स्वतः भरला आणि टेबलाकडे नेला. हात आपोआप खाली आला. टक.

“हे काय वाजलं?” बहिणीने विचारलं.

पुढचा हिशेब कंपाउंडरने मनातच केला. आठ पेल्यांना जवळजवळ तीनशे ग्रॅम मैदा जास्त गेला होता, आणि पाणी मात्र सहाशेच, कारण पाणी ठोकून बसत नाही. दोन दिवस पोरीने विटा मळल्या होत्या. तिने विचारलंही होतं, पाणी घालू का म्हणून.

“मामा, काय झालं?” भाची हात पुसत आली. तिने कागदावरचे आकडे पाहिले, टेबलावरचा पेला पाहिला. पोर हुशार होती. “तुम्ही पीठ ठोकून भरलं होतं?”

माफी मागायची पद्धत त्याला माहीत नव्हती. पोस्टाची वेळ चुकली तरी तो पोस्टालाच ओरडे. त्याने घसा साफ केला, चष्मा काढला, परत घातला. “नवा कागद दे,” एवढंच म्हणाला आणि पाठ वळवून लिहायला बसला. बराच वेळ लिहीत होता. संध्याकाळी त्या कागदाबरहुकूम मळलेली कणीक बोटाला हलकेच चिकटली, ताटलीखाली दुप्पट झाली, आणि पाव कापला तेव्हा बहिणीने तो आधी नाकाशी नेला आणि मग खाल्ला. कंपाउंडर तोवर घरी गेला होता.

सोमवारी सकाळी मेसच्या लांबलचक ओट्यापाशी सुपरवायझरबाईंनी कागद उघडला. नीटनेटक्या रेघा, लाल शाई, मैदा नऊशे पंच्याहत्तर ग्रॅम, पाणी सहाशे मिलिलिटर. त्यांनी मान डोलावली. मग खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे काय लिहिलंय? ‘पेला ठोकू नये.’ इथं सगळं ग्रॅममध्ये आहे. पेल्याचा संबंधच काय?”

भाचीने वाकून पाहिलं. रविवारी घडी करून हातात पडलेला कागद तिने मापांपुरताच उघडला होता, शेवटपर्यंत वाचलाच नव्हता. त्या ओळीखाली त्याच सुबक अक्षरात आणखी एक ओळ होती. ‘पहिले दोन पाव बिघडले, तो दोष लिहिणाऱ्याचा. भाजणारीच्या हाताला गुण आहे.’ आणि खाली पूर्ण सही.

“याची काही गरज नाही,” बाई म्हणाल्या आणि पेन काढलं. “भिंतीवर लावायचा कागद आहे, खालचं खोडून टाकते.”

“बाई, पेल्याची ओळ खोडा,” भाची म्हणाली. “ती दुसरी राहू द्या.”

आणि मैदा तोलायला घेतला.